जांभळ्या दिव्याची पेटी

ठाण्यात घोडबंदर रोडला मी लहान मुलांचे केस कापायचा छोटा कोपरा सुरू केला. गाडीच्या आकाराची एक खुर्ची, आरसा, आणि वाढदिवसाला वेण्या-चमकी करून द्यायची सोय, बस. मुलांच्या डोक्यात उवा असतात, कधी गजकर्णही असतं, त्यामुळे कात्र्या-कंगव्यांसाठी 'यूव्ही स्टरलायझर' पेटी घेतली. किंमत ६,८०० रुपये. विकणारा म्हणाला, "मॅडम, पक्कं बिल नको, जीएसटी वाचेल." मीही हावरटासारखी हो म्हटलं.

पेटीच्या भरवशावर कटिंगचा दर २५० वरून २८० केला. वरचे ३० निर्जंतुक अवजारांचे, असं पालकांना सांगायचे.

दोन महिन्यांनी एक बाबा मुलाला घेऊन आले. पाण्याचे प्युरिफायर दुरुस्त करतात. मी दार उघडून कंगवा काढला, तर आतला पांढरा टॉवेल निळसर चमकत होता, आणि दार उघडलं तरी दिवा चालूच! ते म्हणाले, "ताई, हा तर नोटा तपासायचा दिवा आहे."

मग त्यांनी समजावलं. जंतू मारणारी ट्यूब साध्या पारदर्शक काचेची दिसते, तिच्यावर 'जी-८-टी-५' असा 'जी'ने सुरू होणारा नंबर असतो आणि तिचा उजेड फिकट निळा असतो. माझ्या ट्यूबची काच काळपट जांभळी होती आणि नंबरात शेवटी 'बीएलबी'. खऱ्या ट्यूबचा किरण २५४ नॅनोमीटरचा. तो डोळ्यांना आणि कातडीला इजा करतो, म्हणून दार उघडताच दिवा बंद व्हायलाच हवा. माझ्या पेटीत तो चालू राहायचा, आणि विकणाऱ्यानं तेच कौतुकानं दाखवलं होतं!

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मला जास्त लागलं. पेटी खरी असती तरी केस आणि तेल चिकटलेल्या कंगव्यावर तिचा उपयोग नव्हता, कारण किरण जिथे पोचतो तिथेच काम करतो. मी तर कंगवे नुसते झटकून आत ठेवत होते.

आता कात्री आधी केस झाडून, साबणाच्या पाण्यानं धुऊन, कोरडी करून मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसते. कंगवे धुऊन ५५ अंशांपेक्षा गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवते. एका मुलाचा कंगवा दुसऱ्याला लागत नाही, त्यासाठी बारा कंगवे घेतले. सगळं मिळून पेटीच्या दहाव्या भागाइतकाही खर्च आला नाही.

विकणाऱ्यानं आधी 'पाहतो' म्हटलं, मग फोन उचलणं बंद केलं. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन केला तेव्हा पहिला प्रश्न आला, बिल आहे का?

दर पुन्हा २५० केला. ज्यांचे नंबर होते त्यांना ३० रुपये परत घ्या म्हणून कळवलं. बहुतेकांनी नको म्हटलं. एका आईनं मात्र घेतले आणि पुढच्या रविवारी मुलाला घेऊन आली, स्वतःचा कंगवा घेऊन.