रिकाम्या फाइलीचे कुलूप: `flock` सात महिने वापरल्यानंतर

नागपुरात कळमन्याच्या बाजारातील एका अडत पेढीचा हिशेब मी सांभाळतो. तेथील सर्व्हरवर दर दहा मिनिटांनी एक स्क्रिप्ट चालते; ती भाव आणि शिलकीचा तक्ता रिकामा करते आणि बिलांवरून पुन्हा भरते. एरवी या कामाला चार मिनिटे लागतात. रात्री दोन वाजता मात्र त्याच डिस्कवर बॅकअप चालू असल्याने ते पंचवीस मिनिटांवर जाते आणि पहिली फेरी संपण्याआधी दुसरी उभी राहते.

पूर्वी आम्ही स्क्रिप्टच्या सुरुवातीला एक खूणफाइल तयार करीत असू आणि शेवटी ती पुसत असू. मे महिन्यात एका शनिवारी वीज गेली, स्क्रिप्ट अर्ध्यावर मेली आणि खूणफाइल तशीच राहिली. पुढची प्रत्येक फेरी ती फाइल पाहून परत फिरली, आणि सोमवारी सकाळी पेढीवर शनिवारचेच भाव दिसत होते. त्यानंतर मी `flock` लावले; ही आज्ञा एका फाइलीवर कुलूप धरते आणि ते धरलेले असेपर्यंत दुसरी फेरी चालू देत नाही. पैसे देऊन वेळापत्रकाचे सॉफ्टवेअर घेण्याची सूचना आली होती, पण लिनक्ससोबत फुकट येणारे साधन असताना तो खर्च मला पटला नाही.

पहिले दोन महिने मी अत्यंत समाधानी होतो. येथे कुलूप फाइलीच्या असण्यात नसते, ते कर्नलकडे नोंदलेले असते. त्यामुळे प्रक्रिया कशीही मेली, अगदी `kill -9` दिले, तरी ते आपोआप सुटते. मी मुद्दाम तीन वेळा तसे करून पाहिले आणि पुढची फेरी प्रत्येक वेळी वेळेवर सुरू झाली.

त्यानंतर पावसाळ्यात दर तिसऱ्या रात्री तक्त्यातील शेवटच्या काही मालांची शिलक दुप्पट दिसू लागली. वरचे आकडे बरोबर आणि खालचे दुप्पट, याचा अर्थ एक फेरी अर्ध्यावर असताना दुसरीने तक्ता रिकामा केला, आणि उरलेल्या नोंदी दोघींनीही लिहिल्या. कुलूप असताना हे घडावे, याचा मला मनस्वी त्रास झाला आणि दोष `flock`चाच आहे असे मी ठरवून टाकले. ते माझे मत चुकीचे होते.

एका रात्री सव्वादोनला जागून मी दोन आज्ञा चालवल्या:

```
ls -i /srv/bhav/kulup.lock
grep FLOCK /proc/locks
```

दुसऱ्या आज्ञेत आमच्या दोन प्रक्रियांची दोन कुलपे दिसली, आणि त्यांचे आयनोड क्रमांक, म्हणजे नावामागच्या प्रत्यक्ष फाइलीची ओळख, वेगवेगळे होते. कुलूप नावाला नसून आयनोडला लागते. आमच्याच एका सहकाऱ्याने दोन वाजून पाच मिनिटांनी चालणारी सफाई लावली होती, आणि ती `find -empty -mtime +1` वापरून जुन्या रिकाम्या फाइली पुसत होती. `flock` फाइलीत काहीच लिहीत नाही, त्यामुळे फाइल रोज वापरात असूनही तिची तारीख ती तयार झाली त्या दिवशीचीच राहते. दोनची फेरी जुन्या आयनोडवर कुलूप धरून बसलेली असताना नाव पुसले गेले. दोन-दहाच्या फेरीने त्याच नावाची नवी फाइल तयार केली आणि तिच्यावर निर्धोक कुलूप लावले. `+1` म्हणजे पूर्ण दोन दिवस उलटलेली फाइल. दोन-दहाला जन्मलेली फाइल दोन दिवसांनी दोन-पाचला पाच मिनिटांनी लहान ठरून वाचत असे आणि तिसऱ्या रात्री पुसली जात असे.

रिकामी, शून्य बाइटची फाइल दिसली की ती टाकाऊ वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून सहकाऱ्याला मी बोल लावला नाही. कुलूपफाइल कधीही पुसू नये, स्वतःच्या स्क्रिप्टच्या शेवटीसुद्धा नाही, हे मात्र मी आता प्रत्येकाला सांगतो. `flock` डिरेक्टरीवरही कुलूप लावू शकते, म्हणून आता स्क्रिप्ट ज्या डिरेक्टरीत आहे तीच मी कुलपासाठी वापरतो. वेगळी फाइलच नसल्याने सफाईला पुसण्यासारखे काही उरत नाही.

```
*/10 * * * * flock -n -E 75 /srv/bhav timeout -k 30 40m /srv/bhav/taje.sh || logger -t bhav "code $?"
```

`-n` असल्याने कुलूप न मिळालेली फेरी थांबत नाही, सरळ निघून जाते. दहा मिनिटांनी पुढची येणारच असल्याने रांग लावण्यात अर्थ नाही. मात्र मूळ व्यवस्थेत अशा फेरीचा कोड 1 येतो आणि तो स्क्रिप्टच्या स्वतःच्या चुकीपासून ओळखता येत नाही. `-E 75` ही गफलत दूर करते. `timeout` मी सप्टेंबरमध्ये जोडले, कारण डेटाबेसची एक जोडणी अडकली आणि जिवंत प्रक्रियेने दिवसभर कुलूप सोडले नाही. मेलेल्या प्रक्रियेचे कुलूप कर्नल सोडवतो, अडकलेलीचे नाही. आता चाळीस मिनिटांनी ती बंद केली जाते आणि नोंदीत 124 येतो.

गेल्या महिन्यात नोंदीत रोज पहाटे दोन वेळा 75 आला, दोन-दहा आणि दोन-वीसला, आणि 124 एकदाही आला नाही.