फेस स्वॅपसाठी सोर्स कसा शूट करावा: एकच फोटो, स्टिलचा सेट की फिरता व्हिडिओ?

आमच्या शॉर्ट फिल्ममधले काका दशावतारात मुरलेले, साठी कधीच ओलांडलेली, नुसत्या भुवईनं सीन खातात, पण होडीत पाय ठेवायला तयार नाहीत. "माका पाण्यात घालू नको रे, बाकी काय ता सांग." मग होडीतले आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतानाचे चौदा शॉट वेंगुर्ल्याकडच्या एका रापणकर दादांवर काढले आणि नंतर त्यांच्या अंगावर काकांचा चेहरा बसवायचा असं ठरलं. दोघांची लेखी परवानगी आधीच घेतली, कुठले शॉट, कुठे दाखवणार आणि काम झाल्यावर काकांचे फोटो डिलीट करणार हे त्यातच लिहिलं, कारण गावात उद्या कोणी काकांचा चेहरा भलत्याच व्हिडिओत बघितला तर मला तिकडे तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

तर काकांचा सोर्स, म्हणजे ज्यावरून चेहरा घ्यायचा ते फोटो-व्हिडिओ, आम्ही एकदा चुकीचा शूट केला आणि एकदा बरोबर. तुम्ही असं काही करणार असाल तर समोर तीन रस्ते आहेत, एक-दोन चांगले फोटो, ठरवून काढलेला स्टिलचा सेट, किंवा मान फिरवत काढलेला व्हिडिओ. कुठला घ्यायचा हे फ्रेममध्ये चेहरा किती मोठा दिसणार आणि मान किती वळणार यावर ठरतं, कॅमेरा किती महाग आहे त्यावर नाही.

एका फोटोवाला रस्ता आधी सांगतो कारण तो लवकर संपतो. inswapper_128 हे चेहरा बदलणारं तयार मॉडेल वापरणारी जी टूल्स आहेत ती तुमच्या फोटोतला उजेड घेतच नाहीत, फोटोवरून चेहऱ्याची ओळख आकड्यांच्या रूपात काढतात आणि उजेड, मान, हावभाव हे सगळं समोरच्या शॉटमधून उचलतात. त्यामुळे इथे दहा प्रकारच्या लाइटमध्ये शूट करत बसलात तर बरीचशी मेहनत वाया. सावलीत, डोळे उघडे, चष्मा काढून, समोरून एक आणि जरा बाजूनं दोन-तीन फोटो घेतले, टूलमध्ये एकाहून जास्त सोर्स देता येत असतील तर सगळे दिले, की झालं. अडचण दुसरीकडे आहे. हे मॉडेल चेहरा काढतं १२८ बाय १२८ पिक्सेलचा. फुल एचडी फ्रेमची उंची १०८० पिक्सेल, म्हणजे चेहरा उंचीच्या साधारण आठव्या भागाएवढा असेल तोवर चालून जातं, त्याहून मोठा झाला की चेहरा ताणला जातो, मग तो शार्प करायला दुसरं टूल लावायचं, आणि त्यात साठीच्या माणसाच्या सुरकुत्या जाऊन गाल मेणाचे दिसायला लागतात. आमच्या चौदापैकी नऊ शॉट लांबचे होते, होडी, दोर, पंधरा माणसं, त्यात काका कोपऱ्यात. ते नऊ या रस्त्यानं एका संध्याकाळी निघाले. तुमचे सगळेच शॉट असे असतील तर पुढचं वाचायची गरज नाही खरं तर.

उरलेले पाच जवळचे. त्यासाठी डीपफेसलॅबसारखं टूल, ज्यात मॉडेलला काकांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवस ट्रेन करावं लागतं (आमच्याकडे लाइट जाते म्हणून मशीन इन्व्हर्टरवर, आईचा मिक्सर बंद). इथे गणित उलटं होतं. मॉडेल काकांचा चेहरा फक्त तुम्ही दिलेल्या फोटोंमधून शिकतं, त्यामुळे जो अँगल किंवा जो उजेड सोर्समध्ये नाही तो त्याला धड काढता येत नाही, तिथे चेहरा धुरकट होतो किंवा भलतीच सावली घेऊन येतो. स्टिल की व्हिडिओ हा प्रश्न फक्त इथे येतो.

स्टिलचा फायदा म्हणजे शार्पनेस. शटर १/२५० ठेवा, दीड-दोन मीटर लांब उभे रहा, फोन असेल तर दोन एक्सची लेन्स, कारण जवळ जाऊन वाइड लेन्सनं काढलं की नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात आणि मॉडेल तेच खरं नाक समजतं. ब्युटी मोड बंद, पोर्ट्रेट मोडपण बंद, तो केस आणि कानाच्या कडा खातो. तोटा असा की स्टिल काढताना माणूस पोज देतो. समोर, थोडं डावीकडे, एकदम बाजूनं, असे ठरलेले चार-पाच अँगल येतात आणि मधले येत नाहीत. काकांनी तर प्रत्येक फोटोला राजा बनून बघितलं. तोंड अर्धवट उघडं, डोळे खाली झुकलेले, जांभई, ओठ मुडपलेले, असं काही मुद्दाम मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि रापण ओढणाऱ्या माणसाचे डोळे तर सतत खाली दोरावर असतात.

व्हिडिओत हे सगळं फुकट मिळतं. काकांना देवाला घालतात तसं एक गाऱ्हाणं म्हणायला सांगितलं आणि म्हणता म्हणता मान हळूहळू एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे न्यायला सांगितली, एकदा हनुवटी वर करून, एकदा खाली करून. अँगल सगळे आले, तोंडाचे आकार सगळे आले. पण फ्रेम कॉम्प्रेस्ड असतात, पटकन मान फिरवली की ब्लर येतो, आणि एका मिनिटाच्या दीड हजार फ्रेम दिसायला भरपूर वाटल्या तरी त्यातल्या शेजारशेजारच्या जवळजवळ सारख्याच असतात. एक्स्पोजर लॉक केलं नाही तर मान वळताना चेहरा मध्येच उजळतो तो त्रास वेगळाच. शटर मॅन्युअल ठेवता येत असेल तर सावलीतसुद्धा १/१०० च्या खाली जाऊ नका, व्हिडिओ बघायला जरा कडक दिसेल पण तो कोणाला दाखवायचा नाहीये.

आता आमची चूक. पहिल्यांदा आम्ही काकांना सकाळी त्यांच्या खळ्यात स्टुलावर बसवलं, सूर्य डोंगराकडून म्हणजे त्यांच्या डावीकडून, आणि मी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून त्यांना म्हणलं तुम्ही फक्त मान फिरवा. छान व्हिडिओ आला. ट्रेनिंग झालं, चार दिवसांनी रिझल्ट बघितला तर काकांचा डावा गाल झकास आणि उजवा गाल मातीसारखा, कुठल्याही शॉटमध्ये, दादांच्या उजव्या गालावर लख्ख ऊन असलं तरी. दोन दिवस मास्क आणि सेटिंगमध्येच डोकं घातलं, मग सोर्सचे फोटो मान वळण्याच्या क्रमानं लावून बघितले तेव्हा दिसलं. काका जागेवरच बसलेले, ऊन डावीकडूनच, म्हणजे उजवा गाल दिसणारी प्रत्येक फ्रेम सावलीतली. मॉडेलनं तो गाल उजेडात एकदाही पाहिलेला नव्हता, त्याच्या दृष्टीनं काकांचा उजवा गाल काळाच.

उपाय अगदी साधा होता. एक राउंड झाला की स्टूल उलटं फिरवायचं, म्हणजे आता ऊन उजवीकडून, आणि पुन्हा तसाच पूर्ण मान फिरवून व्हिडिओ. मग एकदा माणूस स्थिर आणि कॅमेरावाला त्याच्याभोवती फिरतो, त्यात उजेड चेहऱ्यावर आहे तसाच राहतो आणि अँगल बदलतात. "किती वेळा मान फिरवूची रे माझी?" असं काकांनी विचारलं पण फिरवली. काही जण एकाच बाजूचं शूट करून सॉफ्टवेअरमध्ये फोटो आरशातल्यासारखे उलटे करतात, random_src_flip नावाचं ऑप्शनच आहे, पण काकांच्या उजव्या भुवईवर तीळ आहे आणि भांग एका बाजूला, तो तीळ मग दोन्हीकडे भुतासारखा उगवतो.

रंगाची काळजी मात्र फार करू नका. चेहरा जरा पिवळा, जरा निळा आला तर पूर्ण चेहऱ्याचा रंग नंतर एका क्लिकमध्ये जुळवता येतो. सावली कुठल्या बाजूला पडली ते जुळवता येत नाही, फ्रेम बाय फ्रेम रंगवत बसावं लागतं. याला एकच अपवाद, आपला लाल जांभा दगड. जांभ्याच्या पायरीवर उन्हात माणूस बसवला की खालून लाल उजेड उडतो आणि फक्त हनुवटीखाली आणि नाकाखाली लाली येते, पूर्ण चेहरा थंड केला तर गाल निळे पडतात आणि हनुवटी तशीच लाल. खाली जुना सफेद बेडशीट टाकला, प्रश्न मिटला. वाळूवरच्या शॉटसाठी हे बरंही पडतं, कारण वाळू आणि पाणी खालून तसाच पांढरा उजेड देतात.

म्हणून दुसऱ्यांदा शॉटच्या लिस्टवरून उजेड निवडले. रापण संध्याकाळी ओढलेली, दादांचं तोंड कधी समुद्राकडे तर कधी मागे गावाकडे. समुद्राकडे तोंड म्हणजे मावळतीचं ऊन थेट चेहऱ्यावर, गावाकडे तोंड म्हणजे ऊन पाठीमागून आणि चेहरा सावलीत. तर काकांचे पाच राउंड झाले, पडवीत सपाट उजेडात, ऊन डावीकडून, ऊन उजवीकडून, आणि संध्याकाळी किनाऱ्यावर एकदा समुद्राकडे आणि एकदा गावाकडे तोंड करून. (किनाऱ्यावर, पाण्यात नाही.) बारा वाजताचं ऊन मुद्दाम टाळलं, डोळ्यांच्या खोबणीत जी काळी सावली पडते ती मॉडेल त्वचा म्हणून शिकतं आणि मग पडवीतल्या शॉटमध्येसुद्धा माणूस आठवडाभर जागा असल्यासारखा दिसतो. तुमचा सीनच भर दुपारचा असेल तर मात्र एक राउंड तिथलाही लागेलच. आणि दर राउंडला घाम टिपायचा, आपल्याकडच्या दमट हवेत कपाळ पाच मिनिटांत चमकतं आणि ती चमकपण चेहऱ्याचा भाग होऊन बसते.

मग घ्यायचं काय? लांबचे शॉट, तर तीन-चार फोटो. एखादाच जवळचा शॉट आणि त्यात मान फार वळत नाही, तर त्या शॉटच्याच उजेडात, त्याच बाजूनं तीस-चाळीस स्टिल आणि थोडा बोलतानाचा व्हिडिओ, त्यावर काम भागू शकतं. जवळचे शॉट चार-पाच असतील आणि माणूस वळतो, खाली बघतो, बोलतो, तर मी व्हिडिओच मुख्य धरेन, प्रत्येक उजेडात पूर्ण राउंड, आणि प्रत्येक राउंडच्या शेवटी समोर, पाऊण आणि बाजू अशी थोडी स्टिल, सुरकुत्या आणि पापण्या शार्प मिळाव्या म्हणून. आमचा अख्खा दुसरा शूट एका दिवसात झाला, मधल्या वेळात जेवण आणि काकांची झोप धरून. पाचातले चार शॉट जवळजवळ हात न लावता बसले. पाचव्यात दादा दोर खांद्यावर घेऊन वर आकाशाकडे बघतात, हनुवटी पूर्ण वर, आणि तो अँगल आमच्याकडे पडवीतलाच होता, उन्हातला नव्हता, तो अजून हातानं दुरुस्त करतोय.

एवढं टाळायचं असेल तर माणूस समोर असतानाच लॅपटॉपवर फ्रेम काढा, मानेच्या वळणाप्रमाणे लावा, आणि वरून खाली बघत जा, कुठे डावीकडचे पन्नास आणि उजवीकडचे सहा असं दिसलं, किंवा एखादा गाल सगळीकडे काळाच दिसला, की स्टूल उचला आणि परत बसवा.