आत्याला काय पाठवावे: व्हॉइस नोट, इमोजी की रिअ‍ॅक्शन?

कागलला राहणारी माझी आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, उजव्याचे व्हायचे आहे, आणि तिचा व्हॉट्सअ‍ॅप नातवाने शिकवला तेवढाच आहे. मी कोल्हापुरात राजारामपुरीत दुकान चालवतो, त्यामुळे दिवसभर गिऱ्हाईक सांभाळत मधल्या फटीत घरच्यांना उत्तरे देतो. अशा माणसाला रिअ‍ॅक्शन ही सर्वांत सोयीची वाटणार हे उघड आहे, आणि मीही बरेच दिवस तीच वापरत होतो.

गेल्या पावसाळ्यात मामांचे, म्हणजे आत्याच्या यजमानांचे, हर्नियाचे ऑपरेशन झाले. आठवड्याने आत्याने एकेक अक्षर शोधून मला मेसेज लिहिला, "मामांचे टाके काढले. ताप नाही. काळजी करू नको." मी तो काउंटरवरच वाचला, मनापासून बरे वाटले आणि त्यावर ❤️ दाबून पुढच्या कामाला लागलो. तिसऱ्या दिवशी आईने विचारले, "अरे, वन्संना उत्तर तरी द्यायचं होतंस. म्हणाल्या, वाचलंय त्यानं, निळ्या खुणा आल्यात, पण त्याला वेळ नसेल."

रिअ‍ॅक्शनची जी अडचण मला निर्णायक वाटते, ती इथेच आहे. बदामाची सूचना आत्याच्या फोनवर आली असणार, परंतु ती सकाळच्या सुविचारांच्या गर्दीत एका बोटाने पुसली गेली. त्यानंतर उरला तो मेसेजच्या खालच्या कडेला चिकटलेला हरभऱ्याएवढा बदाम, जो तिला दिसलाच नाही. नव्या मेसेजचा स्वतंत्र फुगा आलेला नाही, म्हणजे तिच्या हिशेबी उत्तर आलेले नाही. उलट निळ्या खुणा मात्र नातवाने तिला नीट समजावून दिल्या होत्या. मी काहीच केले नसते, तर कदाचित मी मेसेज वाचला नसेल अशी तिची समजूत झाली असती. आता मात्र वाचून गप्प बसलो, असा अर्थ निघाला. दोष माझ्या घाईचा होता, हे मान्य करूनही मला वाटते की वडीलधाऱ्यांनी स्वतः लिहिलेल्या मेसेजवर नुसती रिअ‍ॅक्शन देऊन थांबणे जोखमीचे आहे.

कुटुंबाच्या ग्रुपवर तिचा उपयोग आहे, हेही सांगितले पाहिजे. भाचीच्या निकालावर तीस जणांनी "अभिनंदन" लिहिण्यापेक्षा तीस अंगठे बरे, कारण मूळ बातमी वर सरकून हरवत नाही. तिथेही रिअ‍ॅक्शनची सूचना फक्त ज्याचा मेसेज आहे त्यालाच जाते, तेव्हा "मी तर सर्वांसमोर कौतुक केले" असे कोणी समजू नये. आणखी एक गोष्ट म्हणजे वडीलधाऱ्यांचे बोट मेसेजवर जास्त वेळ टेकले की चिन्हांची पट्टी उघडते, आणि निधनाच्या बातमीवर 😂 पडल्याचे मी आमच्याच ग्रुपवर पाहिले आहे. अशा वेळी आपल्या रिअ‍ॅक्शनवर बोट ठेवून पुन्हा तिलाच स्पर्श केला की ती निघते. हे त्यांना एकदा हाताला धरून दाखवावे.

इमोजीबद्दल माझी तक्रार सौम्य आहे. 😂 आणि 😭 हे दोन्ही चेहरे पिवळे आहेत आणि दोन्हींवर निळे पाणी आहे. वाक्याच्या शेवटी ते इतके लहान उमटतात की मोतीबिंदूच्या डोळ्याला दोन्हीकडे रडणेच दिसते. त्यामुळे थट्टेचे वाक्य लिहून तिचा रंग फक्त इमोजीवर सोपवू नये, कारण आत्या आधी शब्द वाचते आणि तिथेच थांबते. एकटा इमोजी वेगळ्या मेसेजमध्ये पाठवला तर तो मोठा दिसतो, ही युक्ती मात्र उपयोगी पडते. आमच्या घरात 🙏 बद्दल आजवर गैरसमज झालेला नाही. नुसता 👍 मात्र आईला "बरं, आता पुरे" असा ऐकू येतो, असे तिने मला स्पष्टच सांगितले आहे.

राहिली व्हॉइस नोट. मामांच्या त्या प्रसंगानंतर मी आत्याला पहिली नोट पाठवली, ती तब्बल चार मिनिटांची. तिचा निरोप आला, "तू एवढ्या तावातावानं का बोलतोस?" मी गोंधळलो. पुढच्या रविवारी कागलला गेलो तेव्हा उलगडा झाला: नोट वाजत असताना दिसणाऱ्या वेगाच्या आकड्यावर तिचा अंगठा पडत होता आणि माझी विचारपूस 1.5× वेगाने धावत होती. दुसरी गंमत त्याच दिवशी दिसली. फोन हातात धरताना तिचा तळवा वरच्या कडेला, जिथे फोन कानाशी आला आहे का हे ओळखणारा सेन्सर असतो, तिथे टेकायचा, मग पडदा काळा व्हायचा, आवाज कानाच्या बारीक स्पीकरमध्ये जायचा आणि ती म्हणायची, "बंद पडलं बघ." फोन टेबलावर ठेवून ऐकायला सांगितले आणि दोन्ही तक्रारी मिटल्या.

तेव्हापासून मी नोट अर्ध्या मिनिटाच्या आत ठेवतो आणि एका नोटेत एकच विषय घेतो. दोन विषय असतील तर लागोपाठ दोन नोटा पाठवतो. त्या आपोआप एकामागून एक वाजतात, आणि काही निसटले तर तिला सगळे पहिल्यापासून ऐकावे लागत नाही. माइकचे बटण दाबून बोट वर सरकवले की रेकॉर्डिंग चालू राहते, बोट धरून ठेवावे लागत नाही, आणि पाठवण्यापूर्वी स्वतः ऐकता येते. दुकानातल्या गलक्यात ते मला आवश्यक वाटते. सुरुवात "आत्या, मी बोलतोय" अशीच करतो, कारण ती सावरून बसेपर्यंत पहिले दोन शब्द वायाच जातात. तिने नोट ऐकली की माझ्याकडे माइकची खूण निळी होते, आणि वाचल्याच्या निळ्या खुणा कोणी बंद ठेवल्या असल्या तरी ही खूण दिसते.

नोटेच्या मर्यादाही आहेत. डॉक्टरांची वेळ, गोळीचे नाव किंवा पैशाचा आकडा आवाजात सांगितला तर तो पुन्हा शोधणे वडीलधाऱ्यांना अशक्यच होते, म्हणून असे काही असेल तर नोटेखाली एक ओळ लिहितो, "गुरुवारी 11 वाजता, जुनी फाइल आणा." शिवाय नोट चारचौघांत मोठ्याने वाजण्याची भीती असते. आत्याने माझी एक नोट अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत लावली होती, आणि तीत मी नेमका तिच्या सुनेबद्दल प्रश्न विचारला होता. सूनबाई शेजारीच उभ्या होत्या. तेव्हापासून नाजूक विषय असेल तर सरळ फोन करतो. ज्यांना ऐकू कमी येते त्यांच्यासाठी अर्थात मोठ्या अक्षरांतला लिहिलेला मेसेजच बरा.

प्रत्येकाच्या घरची माणसे वेगळी असतात, तेव्हा माझे म्हणणे सर्वांना लागू होईलच असे नाही. माझ्यापुरते सांगायचे तर रिअ‍ॅक्शन आता चुलत भावंडांसाठी, 🙏 सणावारासाठी आणि आत्यासाठी व्हॉइस नोट, अशी वाटणी झाली आहे. आत्याच्या उत्तरादाखल येणाऱ्या नोटा बटण लवकर सुटल्यामुळे तुकड्यांत येतात: पहिल्या तुकड्यात "हां, ऐक", दुसऱ्यात कुकरची शिट्टी, आणि तिसऱ्यात मागून मामांचा आवाज, "त्याला म्हणावं, एकदा जेवायला ये."