उंच गोडाऊन आणि अॅट्रियमसाठी बीम घ्यायचा की हवा ओढणारा डिटेक्टर?

छतावरचा नेहमीचा गोल स्मोक डिटेक्टर साधारण 10 मीटरपर्यंत ठीक, छत त्याहून उंच असेल तर धूर तिथे पोचेपर्यंत पसरून पातळ होतो, आणि मे महिन्यात पत्र्याखाली गरम हवेचा थर साचलेला असतो, थंड होत आलेला धूर त्याच्याखालीच अडकून आडवा पसरतो. खाली खोके जळतायत आणि वर डिटेक्टर गप्प.

समजा भिवंडीकडचं गोडाऊन आहे, 60 मीटर लांब, 30 रुंद, 12 उंच. बीम म्हणजे एका टोकाकडून समोरच्या टोकाकडे सोडलेला प्रकाशाचा किरण, धुराने तो अंधुक झाला की अलार्म. तो आपल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साडेसात मीटर सांभाळतो म्हणजे दोन बीममध्ये काम होतं, रिफ्लेक्टरवाला घेतला तर वायरिंग एकाच टोकाला, खर्च कमी. पण रेषा मोकळी पाहिजे, रॅकवर माल उंच चढला किंवा रिपेअरवाल्याची लिफ्ट मध्ये आली की बीम एकदम पूर्ण अडतो आणि फायर अलार्मच्या पॅनलवर फायर नाही, फॉल्ट येतो. दुसरं म्हणजे स्टीलचं स्ट्रक्चर उन्हाने हलतं. डिटेक्टर अर्धा अंश जरी फिरला तरी 60 मीटरवर रेषा अर्धा मीटर सरकते. पॅनलचा लॉग काढून बघा, फॉल्ट रोज दुपारीच येऊन संध्याकाळी आपोआप जात असेल तर समजा हेच चाललंय. म्हणून डिटेक्टर पत्र्याच्या भिंतीवर अजिबात नको, पक्क्या आरसीसी कॉलमवरच लावा.

हवा ओढणारा म्हणजे अॅस्पिरेटिंग, त्यात भोकं पाडलेले पाइप छताखाली फिरवायचे आणि पंखा सतत हवा खेचून डब्यातल्या सेन्सरकडे नेतो. याच गोडाऊनला तीन पाइप, प्रत्येकी सहा भोकं, म्हणजे 18 ठिकाणं झाली, आणि वर रॅकच्या कडेने पाइपच्या फांद्या खाली सोडता येतात, मग गरम थराखालचा धूरसुद्धा सापडतो, माझ्या मते खरा फायदा हा. डबा छातीच्या उंचीवर, सर्व्हिसिंगला लिफ्ट लागत नाही. महाग पडतो हे खरं, आणि खोक्यांच्या धुळीने फिल्टर भरतो, भोकं बुजतात, पण मग हवेचा प्रवाह कमी झाल्याचा फॉल्ट येतो, तो कोणी नुसता रिसेट करत बसू नका, पाइप साफ करा. ताबा घेताना सगळ्यात लांबच्या भोकाला धूर द्या आणि घड्याळ लावा, 120 सेकंदांत पॅनलला कळलंच पाहिजे.

रॅकवालं उंच गोडाऊन असेल तर मी पैसे अॅस्पिरेटिंगवर घालीन. रिकामा मोठा हॉल, पक्क्या भिंती असतील तर बीम पुरे.

लोअर परळ, बीकेसीकडच्या काचेच्या अॅट्रियममध्ये पाइप दिसायला नको असतात, तिथे बीमच, पण फक्त छताशी नाही, मधल्या एखाद्या मजल्यावरही एक रांग घ्या, काचेखालचा थर तिथेही असतोच. आणि दिवाळीला मोठे कंदील टांगणाऱ्या डेकोरेटरला आधीच बीमची रेषा दाखवा, नाहीतर फॉल्ट येतो, कोणीतरी तो बीम पॅनलवरून बंद करतं आणि कंदील उतरले तरी तो बंदच राहतो.