लुब्रिकेटिंग ड्रॉप्स बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव (आणि ड्रॉप्सपेक्षा जास्त फरक कशाने पडला)

मी अकाउंट्समध्ये आहे, म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत टॅली आणि एक्सेल, आणि मार्च-एप्रिलमध्ये तर रात्रीपण तेच. चाळिशी ओलांडली आहे. त्रास असा होता की दुपारी चार वाजले की डोळ्यात काहीतरी खुपतंय असं वाटायचं, चुरचुर व्हायची, पापण्या जड आणि मधूनच घळाघळा पाणी. पाणी येतंय म्हणजे डोळे कोरडे कसे असतील असं वाटतं ना, पण उलट आहे. डोळ्याच्या पुढच्या भागावरची ओल टिकत नाही, तिथे सुकलं की डोळा चिडतो आणि एकदम पाणी सोडतो, पण ते पाणी नुसतंच पातळ असतं आणि गालावरून वाहून जातं, त्याने आराम पडत नाही.

तपासणीत काय झालं ते नीट सांगते कारण सगळं तिथूनच कळलं. डॉक्टर मॅडमनी आधी नंबर तपासला, मग खालच्या पापणीत केशरी रंगाची छोटी पट्टी टेकवली, मशीनवर हनुवटी ठेवायला लावली, निळा लाइट लावला आणि म्हणाल्या, एकदा डोळे मिटा आणि आता उघडेच ठेवा. त्या रंगाने अश्रूंचा थर हिरवा चमकतो आणि तो जिथे फाटतो तिथे काळा डाग दिसतो. साधारण दहा सेकंदांच्या वर टिकला तर बरा समजतात, माझा चार-पाचमध्येच फाटत होता. मग कडेने पापणी हलकेच दाबून बघितली, पापण्यांच्या काठावर तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यातून स्वच्छ पातळ तेल यायला हवं, माझ्या पापणीतून दाटसर पांढरट येत होतं. म्हणजे पाणी कमी नव्हतं, वरचा तेलाचा थर नीट नव्हता म्हणून पाणी उडून जात होतं.

आणि त्याचं एक मोठं कारण पापणी. आपण गप्पा मारताना मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लवते, स्क्रीनकडे एकटक बघताना ते पाच-सातवर येतं. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं, पण मला नवीन होतं ते हे की लवते तीसुद्धा अर्धवट. घरी आल्यावर मुलाला सांगितलं की मी काम करत असताना बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढ, आणि तो हळू करून बघितला तर वरची पापणी अर्ध्यापर्यंत येऊन परत वर जात होती, खालच्या पापणीला टेकतच नव्हती. दोन्ही पापण्या टेकल्या तरच ग्रंथीतलं तेल बाहेर येतं आणि डोळ्यावर पसरतं, नाहीतर डोळ्याचा खालचा भाग उघडाच राहतो. ज्यांना असा त्रास आहे त्यांनी हा व्हिडिओ नक्की काढून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता ड्रॉप्स. मला कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज 0.5 टक्के दिले होते, मेडिकलवाले सीएमसी म्हणतात. टाकल्या टाकल्या गार वाटतं, खुपणं थांबतं, पण असर तासाभरात कमी होतो, हे औषध नाहीये, ओल टिकवणारं आहे एवढंच. 1 टक्केवाले जास्त घट्ट असतात, ते रात्री झोपताना बरे, दिवसा टाकले की थोडा वेळ धूसर दिसतं आणि आकडे वाचायचे असले की वैताग येतो. सुरुवातीला दिवसातून चार वेळा टाकत होते तोवर साधी बाटली ठीक होती, पण मार्चएंडला जास्त वेळा लागायला लागले तेव्हा मॅडमनी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले दिले, कारण बऱ्याच बाटल्यांत बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं आणि ते वारंवार डोळ्यात गेलं की तेच डोळ्याला टोचायला लागतं. नेहमी चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर डॉक्टरांना हे विचाराच. ते महाग पडतात, पण मला फरक जाणवला.

टाकताना खालची पापणी ओढून जो खिसा होतो त्यात एकच थेंब, दोन टाकले तर दुसरा बाहेरच पडतो. मग मिनिटभर डोळे हलके मिटून बसायचं, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही आणि उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्यायची, अर्धी उरली असली तरी. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, मेडिकलमधून डोळे लाल आहेत म्हणून कुठलेही ड्रॉप्स आणू नका. लाली घालवणारे ड्रॉप्स रक्तवाहिन्या आकसवतात, असर उतरला की लाली परत जास्त येते. स्टेरॉइडवाले तर त्याहून वाईट, त्यांनी पटकन बरं वाटतं म्हणून लोक महिनोनमहिने टाकत राहतात आणि डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो.

पण खरा फरक पडला तो शेकाने आणि पापणी पूर्ण मिटण्याने. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल मिटलेल्या डोळ्यांवर आठ-दहा मिनिटं, तो लगेच गार होतो म्हणून मधेमधे परत बुडवायचा, आणि मग बोटाने वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर हलकेच चोळायची. दाटलेलं तेल सैल होतं. पहिले दोन-तीन आठवडे काही वाटलं नाही, सोडून द्यावंसं वाटलं, नंतर हळूहळू चारची चुरचुर सहावर गेली. पापणीसाठी अलार्म लावून बघितला, चालला नाही, कामात चिडचिड होते. त्याऐवजी प्रत्येक व्हाउचर सेव्ह केलं की डोळे हळू मिटायचे, दोन सेकंद थांबायचं, उघडायचे, असं कामालाच बांधून घेतलं आणि ती सवय लागली.

ऑफिसमध्ये एसीचा झोत सरळ तोंडावर येत होता, त्याची पट्टी वळवून घेतली, याचा फायदा त्याच आठवड्यात कळला. स्क्रीन डोळ्यांपेक्षा चार-पाच इंच खाली आणली, नजर खाली असली की डोळा कमी उघडा राहतो आणि ओल कमी उडते. पाठीमागच्या ट्यूबची पांढरी रेघ स्क्रीनवर पडायची म्हणून टेबल फिरवलं, आता खिडकी बाजूला आहे. ब्राइटनेस किती ठेवायचा हे मी शेजारी कोरा कागद धरून ठरवते, स्क्रीन त्या कागदापेक्षा फार उजळ किंवा फार अंधारी नको. रात्री खोलीतला लाइट बंद करून लॅपटॉपवर बसणं बंद केलं. स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणारा चष्मा मात्र घेतला नाही, मॅडमनी स्पष्ट सांगितलं की थकवा त्याने कमी होतो असं दिसलेलं नाही, आणि नंबर बरोबर नसेल तर आधी तो करा.

नंबरचं पण तसंच आहे. संध्याकाळी धूसर दिसलं की दोन-तीनदा पूर्ण पापणी मिटून बघा. लगेच साफ झालं तर बहुतेक ओलीचा प्रश्न, नाही झालं तर नंबर बघायला हवा. चाळिशीनंतर जवळचं दिसायला त्रास होतोच आणि वाचायचा चष्मा साधारण पुस्तकाच्या अंतराचा असतो, मॉनिटर त्याहून लांब, म्हणून मान पुढे काढून बसतो आपण. चष्म्याला जाताना आपली स्क्रीन किती लांब आहे ते टेपने मोजून सांगा, मी सांगितलं आणि त्या अंतराचा वेगळा चष्मा केला, मानेचं दुखणं पण कमी झालं. चाळिशीनंतर काही त्रास नसला तरी प्रेशर आणि पडदा अधूनमधून तपासून घ्या, घरात काचबिंदू किंवा अंगात शुगर असेल तर जास्तच, कारण काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही.

आणि यातलं काही झालं तर शेक-ड्रॉप्स करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा: जोरात दुखणं, एकदम कमी दिसणं, उजेड सहन न होणं, एकच डोळा लालभडक होणं, अचानक काळे ठिपके किंवा चमक दिसणं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी डोळा लाल होऊन दुखायला लागला तर आधी लेन्स काढा, परत घालू नका, आणि तपासायला जाताना ती लेन्स आणि तिची डबी सोबत न्या.