नॅलोक्सोनचा पर्याय टिक करण्याआधी: मॉर्फिन, मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि पेथिडिन शेजारीशेजारी

सेकंड इयर एमबीबीएस, बीफार्म किंवा पीजी एंट्रन्सची तयारी करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ओपिऑइडचा प्रश्न आला की बहुतेक जण "ओव्हरडोस आहे ना, मग नॅलोक्सोन" म्हणून मोकळे होतात, आणि साध्या प्रश्नात ते बरोबरही येतं. पण पेपरात चारही पर्यायांत नॅलोक्सोन असेल, फक्त डोस वेगळा, रूट वेगळा, पुढचं पाऊल वेगळं, तेव्हा ठरवायचं कशावरून? माझ्या मते दोनच गोष्टी बघायच्या. पेशंटला जे होतंय ते म्यू रिसेप्टरमुळे होतंय का, आणि घेतलेलं औषध नॅलोक्सोनपेक्षा जास्त वेळ टिकणारं आहे का. चार औषधं याच दोन प्रश्नांवर तपासून बघू.

सुरुवात मॉर्फिनपासून, कारण बाकी सगळ्यांना त्याच्याशीच ताडून बघायचंय. मॉर्फिन मुख्यतः म्यूवर बसतं. म्यू, कप्पा, डेल्टा तिन्ही जी-आय प्रोटीनला जोडलेले आहेत, म्हणजे आत सीएएमपी कमी होतं, प्रीसिनॅप्टिक टोकाला कॅल्शियम चॅनल बंद होतात म्हणून ट्रान्समीटर कमी सुटतो, आणि पोस्टसिनॅप्टिक बाजूला पोटॅशियम चॅनल उघडतात म्हणून पेशी शांत होते. तिघांचं मेकॅनिझम एकच, मग फरक कुठून येतो? रिसेप्टर शरीरात कुठं आहे त्यावरून. म्यू ब्रेनस्टेमच्या श्वासकेंद्रात भरपूर आहेत, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड वाढला तरी श्वास वाढवायचा हे केंद्राला कळतच नाही, रेट घसरत जातो आणि माणूस जातो तो यामुळेच. युफोरिया, डिपेंडन्स, बारीक बाहुल्या, बद्धकोष्ठता हेही मुख्यतः म्यूचंच काम. कप्पाकडं स्पायनल वेदनाशमन आणि गुंगी आहे, पण युफोरियाच्या उलट डिस्फोरिया, आणि एडीएच दबल्यामुळे लघवी जास्त. म्हणून प्रश्नात "वेदना कमी झाल्या पण पेशंट घाबराघुबरा, भास होतायत" असं असेल तर पेंटाझोसिनसारखं कप्पावालं औषध शोधायचं, मॉर्फिन नाही.

नॅलोक्सोन तिन्ही रिसेप्टरवर कॉम्पिटिटिव्ह अँटॅगोनिस्ट आहे आणि त्याची सगळ्यात जास्त ओढ म्यूकडं. स्वतः काहीच करत नाही, ओपिऑइड नसलेल्या माणसाला दिलं तर जवळपास काही कळणारही नाही. आयव्ही दिलं की एकदोन मिनिटांत श्वास सुधारतो. तोंडाने दिलं तर लिव्हरमधल्या फर्स्ट पासमध्येच जवळजवळ सगळं संपतं, म्हणून ओव्हरडोसच्या प्रश्नात "ओरल नॅलोक्सोन" दिसलं की तो पर्याय खोडायचाच. हाफ लाइफ साधारण एक तास, परिणाम साधारण अर्धा ते दीड तास. खरी गोम या शेवटच्या आकड्यात आहे.

आता एक केस सोडवू. किडनी फेल्युअर असलेला कॅन्सरचा पेशंट, वेदनेसाठी सस्टेन्ड रिलीज मॉर्फिन चालू आहे, दोन दिवसांपासून जेवण आणि लघवी दोन्ही कमी. पहाटे हाका मारून उठत नाही, श्वास मिनिटाला 5, सॅच्युरेशन 78, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पर्याय असे: नॅलोक्सोन 2 एमजी एकदम आयव्ही, आधी बॅग-मास्कने ऑक्सिजन देऊन मग नॅलोक्सोन 0.04 एमजीपासून वाढवत नेणं, नाल्ट्रेक्सोन 50 एमजी तोंडाने, फ्लुमाझेनिल.

शेवटचे दोन लगेच जातात. फ्लुमाझेनिल बेंझोडायझेपिनसाठी आहे, आणि नाल्ट्रेक्सोन तोंडाने चालतं हे खरं असलं तरी बेशुद्ध माणूस गिळणार कसा, शिवाय एकदा बसलं की दिवसभर उतरत नाही. पहिल्या दोघांत खूप जण अडकतात कारण 0.4 ते 2 एमजी हा डोस पाठ केलेला असतो, आणि तो चुकीचाही नाही, फक्त तो ओपिऑइडची सवय नसलेल्यासाठी, किंवा श्वास पूर्ण थांबलाय अशासाठी. या पेशंटचं शरीर मॉर्फिनवर अवलंबून आहे. एकदम 2 एमजी गेलं तर सगळं मॉर्फिन एका झटक्यात रिसेप्टरवरून सुटेल, कॅन्सरच्या वेदना पूर्ण जोरात परत येतील, उलट्या, घाम, बीपी वर, कधीकधी पल्मनरी इडिमासुद्धा. म्हणून दुसरा पर्याय. ऑक्सिजन आधी, कारण मेंदूला धोका ऑक्सिजन कमी पडण्याचा आहे आणि बॅग-मास्क लगेच लावता येतो.

समजा दर दोनतीन मिनिटांनी थोडं थोडं देत एकूण 0.24 एमजीला श्वास 13 झाला. थांबायचं इथंच! टारगेट श्वास आहे, पेशंट उठून गप्पा मारायला लागणं नाही. झोपेत राहिला आणि नीट श्वास घेतोय तर ते चांगलं उत्तर आहे, आणि हा मुद्दा प्रश्नात "एंडपॉइंट कोणता" असा सरळ विचारता येतो.

तासाभराने श्वास परत 6. का? सस्टेन्ड रिलीज गोळी आतड्यात अजून सुटतेय, आणि मॉर्फिनचं मॉर्फिन-6-ग्लुकुरोनाइड हे मेटाबोलाइट, जे स्वतः म्यूवर जोरदार काम करतं, ते किडनीतून बाहेर जातच नाहीये. नॅलोक्सोन मात्र संपलं. अशा वेळी परत बोलस देऊन श्वास आणायचा आणि इन्फ्युजन लावायचं, ज्या एकूण डोसने श्वास आला त्याच्या दोन तृतीयांश दर तासाला. म्हणजे 0.24 चे दोन तृतीयांश, 0.16 एमजी तासाला. 0.4 एमजीचे पाच अँप्युल 500 एमएल सलाइनमध्ये घातले तर 2 एमजी झालं, एका एमएलमध्ये 0.004 एमजी, मग तासाला 40 एमएल. हा सुरुवातीचा वेग, पुढे श्वास बघून कमीजास्त करायचा. हे गणित एकदा हाताने करून बघा, न्यूमेरिकल म्हणून आलं तर अडणार नाही.

याच केसमध्ये मॉर्फिनच्या जागी मेथाडोन ठेवलं तर? रिसेप्टर तोच म्यू, चित्र तेच, नॅलोक्सोनला प्रतिसादही छान, आणि म्हणूनच जास्त फसवं. मेथाडोनची हाफ लाइफ बहुतेकांत 24 तासांच्या पुढेमागे, नॅलोक्सोनची एक तास. पेशंट उठतो, बोलतो, "मी बरा आहे, घरी जातो" म्हणतो, आणि दोन तासांनी घरी परत श्वास थांबतो. त्यामुळे मेथाडोनच्या प्रश्नात "नॅलोक्सोनला प्रतिसाद मिळाला, डिस्चार्ज" हा पर्याय कितीही सरळ वाटला तरी चूक, दाखल करून निगराणी आणि गरज पडली तर इन्फ्युजन हे बरोबर. शिवाय मेथाडोन क्यूटी लांबवतं, म्हणून ईसीजीचा उल्लेख असलेला पर्याय असेल तर त्याच्याकडे नीट बघा.

ब्युप्रेनॉर्फिनचं मात्र वेगळंच आहे. ते म्यूवर पार्शियल अगोनिस्ट, त्यामुळे डोस वाढवला तरी एकट्याने श्वास एका मर्यादेपलीकडे सहसा दाबत नाही. पण रिसेप्टरला त्याची पकड फार घट्ट आणि सुटतं फार हळू. एसटीत खिडकीची सीट धरून बसलेला माणूस जसा शेजारच्याने कितीही सरकवलं तरी हलत नाही तसं. यातून दोन उलट दिसणारे प्रश्न निघतात. पहिला, ब्युप्रेनॉर्फिन आधीच बसलेलं असेल तर नेहमीच्या डोसचं नॅलोक्सोन त्याला पटकन हटवू शकत नाही, जास्त डोस आणि इन्फ्युजन लागतं आणि व्हेंटिलेशन तयार ठेवावं लागतं, खासकरून सोबत दारू किंवा बेंझोडायझेपिन असेल तर, कारण तेव्हा ती वरची मर्यादा वाचवत नाही. दुसरा, पेशंटच्या अंगात हेरॉइन असताना ब्युप्रेनॉर्फिन दिलं तर ते हेरॉइनच्या मॉर्फिनला ढकलून स्वतः बसतं, पण परिणाम अर्धवटच देतं, म्हणून विथड्रॉवल सुरू होतं. म्हणजे तेच औषध एका पेशंटमध्ये अगोनिस्ट आणि दुसऱ्यामध्ये अँटॅगोनिस्टसारखं, कोण आधी बसलंय त्यावर सगळं. आणि व्यसनमुक्तीसाठी मिळणाऱ्या जिभेखालच्या गोळीत ब्युप्रेनॉर्फिन 2 एमजीसोबत नॅलोक्सोन 0.5 एमजी का असतं असं विचारलं तर उत्तर ओव्हरडोस टाळणं नाही. जिभेखालून नॅलोक्सोन फारसं जातच नाही, पण कोणी गोळी विरघळवून शिरेत टोचली तर ते जागं होतं आणि विथड्रॉवल आणतं, म्हणून टोचायचा मोह कमी होतो.

पेथिडिनला पहिला प्रश्न लागू पडतो, सगळंच म्यूचं नसतं. त्याला ॲट्रोपिनसारखा थोडा गुण आहे म्हणून बाहुल्या बारीक नसतीलच असं होऊ शकतं, "प्युपिल नॉर्मल, म्हणजे ओपिऑइड नाही" हे इथं चुकतं. आणि त्याचं नॉरपेथिडिन नावाचं मेटाबोलाइट साठलं, किडनी खराब असेल तर लवकरच, की थरथर, झटके, आणि फिट्स येतात. या फिट्स म्यूमधून येतच नाहीत, त्यामुळे नॅलोक्सोनने थांबत नाहीत, उलट पेथिडिनचा शांत करणारा भाग निघून गेल्यावर जास्त उघड्या पडू शकतात. तिथं डायझेपाम किंवा लोराझेपाम निवडा. ट्रामाडोलचंही असंच, त्याचा अर्धा कारभार सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिनमधून चालतो, नॅलोक्सोन फक्त ओपिऑइडवाला भाग परतवतं.

बाहुल्यांवरून आठवलं, आपल्याकडच्या ग्रामीण कॅज्युअल्टीचा प्रश्न असेल तर बेशुद्धी आणि बारीक बाहुल्या दिसल्या की फवारणीच्या औषधाची, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेटची विषबाधा आधी तपासा. तो पेशंट ओला असतो, तोंडाला फेस, छातीत घरघर, घाम, स्नायू फडफडतायत, पोटातून जोरात आवाज. ओपिऑइडवाला कोरडा आणि संथ असतो, पोट शांत. तापही खूप आणि चारही हातपाय गेलेले असतील तर पॉन्समधला रक्तस्राव. तिघांच्या बाहुल्या सारख्याच दिसतात, फरक बाकीच्या शरीरात आहे, आणि ॲट्रोपिन की नॅलोक्सोन हे तिथूनच ठरतं.

शेवटचा मुद्दा बद्धकोष्ठतेचा, कारण इथंही नॅलोक्सोन गटातलंच औषध निवडायचं असतं. दीर्घकाळ मॉर्फिन घेणाऱ्याला युफोरिया, उलटी, गुंगीची सवय होते पण बारीक बाहुल्या आणि बद्धकोष्ठता यांची जवळपास होतच नाही. रेचकं देऊनही होत नसेल तर मिथाइलनाल्ट्रेक्सोन, ते क्वाटर्नरी असल्याने मेंदूत जात नाही, आतड्यातला म्यू मोकळा होतो आणि वेदनाशमन तसंच राहतं. साधं नाल्ट्रेक्सोन इथं दिलं तर वेदनाशमनही जाईल, त्याची जागा सात ते दहा दिवस ओपिऑइड बंद असलेल्या व्यसनमुक्तीच्या पेशंटमध्ये. आणि प्रश्नात आतड्याला अडथळा असल्याचा एक शब्द जरी टाकलेला असेल तर मिथाइलनाल्ट्रेक्सोनही खोडा, आतडं फाटण्याची भीती असते.