एकूण जुळली, नावं जुळली, पण पगार भलत्याच खात्यात

आमचा कारखाना रबाळे एमआयडीसीत आहे, कामगार दोनशेच्या आत. पगाराचा हिशोब कंपनीने ठाण्यातल्या एका बाहेरच्या माणसाकडे दिला होता. त्याने आम्हाला कसं फसवलं हे लिहितेय, कारण छोट्या कंपन्यांत पगाराची फाइल अजूनही अशीच बँकेत जाते, आणि ती फट मिटवायला एक रुपयाही लागत नाही.

पद्धत अशी होती. महिनाअखेरीला हजेरी त्याच्याकडे जायची. तो पगारपत्रकाची पीडीएफ पाठवायचा, त्यात नाव, हजेरीचे दिवस, कपाती आणि हातात येणारी रक्कम. मालक त्यावर सही करायचे. मग त्याच्याकडून बँकेची सीएसव्ही फाइल यायची आणि ती पोर्टलवर चढायची. मंजुरी देणाऱ्याला पडद्यावर दोन आकडे दिसतात, ओळी किती आणि एकूण रक्कम किती. त्या महिन्यात १८७ ओळी होत्या आणि ३८,४२,६१५ रुपये. सही झालेल्या पत्रकावरही तेच. दोन्ही जुळले की मंजुरी.

पत्रकावर खाते क्रमांक मात्र नव्हताच. तो फक्त सीएसव्हीत होता, आणि ती फाइल मालकांच्या सहीनंतर त्याच माणसाच्या हातून यायची.

भांडं फोडलं ते आमच्याकडून नोकरी सोडून गेलेल्या एका वेल्डरने. तो महिन्याच्या मध्यात काम सोडून साताऱ्याकडे गावी गेला होता. भरलेल्या दिवसांचे ११,७४० रुपये निघत होते. न सांगता गेलेल्यांचे पैसे आमच्याकडे "होल्ड"वर जायचे, म्हणून त्यानेही लगेच विचारलं नाही. काही महिन्यांनी तो पासबुक घेऊन दारात उभा राहिला. मी बँकेच्या रिपोर्टमध्ये पाहिलं, तर त्याच्या नावापुढे पेमेंट झालेलं, यूटीआर क्रमांकासकट. त्याने पासबुक पुढे केलं. "मॅडम, बघा तुम्हीच. एक रुपया आला असेल तर दाखवा." खरंच काही आलं नव्हतं.

पोर्टलवरून त्या महिन्याची फाइल उतरवून पाहिली. ओळीत नाव त्याचं, रक्कम त्याची, पण खाते क्रमांक आणि आयएफएससी दुसऱ्याच बँकेचे. मागच्या महिन्यांच्या फाइल्स उघडल्यावर तेच खाते वेगवेगळ्या नावांपुढे सापडलं, आणि ती सगळी नावं काम सोडून गेलेल्यांची. एका महिन्यात तर दोन नावांपुढे एकच खाते होतं. हजर असलेल्या कामगाराच्या पैशाला पगार करणाऱ्याने कधी हात लावला नाही, कारण त्या कामगाराने सात तारखेलाच येऊन विचारलं असतं. जो विचारायला येणार नाही असाच माणूस तो निवडायचा. मला याचाच सर्वांत जास्त राग येतो. तो पैसा त्या पोरांनी भट्टीसमोर उभं राहून कमावलेला होता.

बँकेने नाव का तपासलं नाही, हा पहिला प्रश्न सगळेच विचारतात. एनईएफटीत रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावरून. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच बँकांना स्पष्ट केलं आहे की फक्त खाते क्रमांकाच्या आधारे पैसे जमा करता येतील आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. एप्रिल २०२५ पासून नेट बँकिंगवर पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसण्याची सोय आली आहे, पण शेकडो ओळींच्या फाइलसाठी तिच्यावर विसंबून राहू नका. खाते चालू असेल तर पैसे परत येत नाहीत, आणि आपल्याला वाटतं सगळं सुरळीत झालं.

ओळींची संख्या आणि रकमेची बेरीज एवढंच सांगतात की एखादी ओळ वाढली-गळली नाही आणि एकूण बदलली नाही. पैसे कोणाकडे चालले आहेत हे त्यात कुठेच येत नाही. त्यासाठी खाते क्रमांकांचीही बेरीज करायची. तिला हॅश टोटल म्हणतात. त्या बेरजेला स्वतःचा काही अर्थ नसतो, पण एक क्रमांक बदलला की ती बदलते. तीन खात्यांचे शेवटचे सहा अंक २०४५१८, ७७१०९३ आणि ३५०६६२ असतील तर बेरीज १३,२६,२७३. मधलं खाते बदलून ११८६४० झालं की बेरीज ६,७३,८२० होते. रक्कम तीच, ओळी त्याच, पण हा आकडा लगेच बोलतो.

शेवटचे सहाच अंक का, तर एक्सेल पंधरा अंकांपुढे अचूक राहत नाही. सोळा अंकी क्रमांक संख्या म्हणून उघडला तर शेवटचा अंक शून्य होतो, आणि सुरुवातीची शून्यं तर गायबच. म्हणून सीएसव्हीवर डबल-क्लिक करायचं नाही. Data मधून आयात करताना खात्याचा रकाना Text ठेवायचा. मग खाती C रकान्यात दुसऱ्या ओळीपासून १८८ पर्यंत असतील तर हे सूत्र:

```
=SUMPRODUCT(--RIGHT(C2:C188,6))
```

पण हॅश टोटललाही मर्यादा आहे. दोन कामगारांची खाती आपसात बदलली तर बेरीज तीच राहते. म्हणून आधी प्रत्येक ओळ एचआरकडच्या मूळ यादीशी कर्मचारी क्रमांकावरून ताडून बघायची. ती यादी Master नावाच्या शीटवर ठेवायची, दोन्हीकडे A रकान्यात कर्मचारी क्रमांक आणि C मध्ये खाते. ही यादी पगार करणाऱ्याकडून मागवायची नाही, नाहीतर त्याचीच फाइल त्याच्याच यादीशी जुळेल.

```
=EXACT(C2,VLOOKUP(A2,Master!A:C,3,FALSE))
```

FALSE किंवा #N/A आलं की ती ओळ थांबवायची. एकच खाते दोनदा आलंय का, हेही बघायचं. तिथे COUNTIF वापरू नका. ते लांब क्रमांकाला संख्या समजून पहिल्या पंधरा अंकांवरच जुळवतं आणि निष्पाप माणसांवर बोट दाखवतं. त्याऐवजी हे, उत्तर एकापेक्षा जास्त आलं की ते खाते पुन्हा आलंय:

```
=SUMPRODUCT(--(C$2:C$188=C2))
```

आता आमच्याकडे मालक सही करतात त्या कागदावर तीन आकडे असतात: ओळी, रक्कम, हॅश टोटल. फाइल पोर्टलवर चढल्यावर मंजुरी देणारा तिथूनच ती परत उतरवतो आणि त्या प्रतीवर तिन्ही आकडे पुन्हा काढतो. ईमेलमध्ये आलेल्या प्रतीवर काढून उपयोग नाही, कारण बँकेत गेलेली फाइल तीच असेल असं नाही. होल्डवरचं नाव तर बँकेच्या फाइलमध्ये येतच नाही. त्याची रक्कम पत्रकात वेगळ्या बेरजेत दाखवतो, आणि माणूस आला की त्याच दिवशी देतो.

वेल्डरचे पैसे कंपनीने पुन्हा भरले. बाकीच्यांना शोधून देणं चालू आहे, काहींचे फोन लागत नाहीत. एकूण रक्कम लाखाच्या थोडी खाली आहे. पोलिसांत तक्रार दिली आहे. त्यात सर्वांत कामी आलं ते हे की पोर्टलवर जुन्या फाइल्स तशाच होत्या. तुमच्या बँकेत त्या किती महिने राहतात ते विचारा आणि दर महिन्याची प्रत उतरवून ठेवा.

मूळ यादीच कोणी बदलली तर मात्र वरची एकही तपासणी ते पकडणार नाही. म्हणून त्या महिन्यात ज्यांची खाती बदलली तेवढ्यांचीच वेगळी यादी काढतो, प्रत्येकामागे रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान लावतो, आणि अर्जावरच्या नव्हे, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारतो, "खाते तुम्हीच बदललंत ना?"